अमेरिकेतलं पायलट लायसन्स भारतात चालवायचं तर: कोल्हापूरहून निघण्याआधीपासूनचा क्रम

परदेशातलं कमर्शियल पायलट लायसन्स घेऊन भारतातल्या एअरलाइनमध्ये नोकरी करता येत नाही. ते आधी डीजीसीएकडून, म्हणजे भारताच्या हवाई वाहतूक नियामकाकडून, भारतीय लायसन्समध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. अमेरिकेत विमान उत्तम उडवणारी मुलं परत आल्यावर सहा-आठ महिने घरी बसून राहतात. उडवण्यात काही कमी नसते. लॉगबुकातले तास भारतीय नियमांच्या चौकटीत बसत नाहीत, एवढंच. म्हणून या लेखात एकच वाट घेतली आहे: कोल्हापूर, सांगली किंवा साताऱ्यातून बारावी झालेला मुलगा वा मुलगी एफएए या अमेरिकी हवाई नियामकाचं लायसन्स घेणार आणि ते भारतात बदलून घेणार.

डिग्रीचं आधीच सांगून टाकतो. परदेशातली एव्हिएशनची पदवी म्हणजे लायसन्स नव्हे. डीजीसीए लायसन्स, तास, परीक्षा आणि मेडिकल पाहतं, पदवी नाही. विद्यापीठातून फ्लाइंग केलं तर तीन-चार वर्षांचं शुल्क आणि राहणं वाढतं. उद्या उडता आलं नाही तर हाताशी काहीतरी असावं एवढ्यासाठी पदवी हवी असेल, तर ती इथे कमी पैशांत होते.

पहिली पायरी: मेडिकल, आणि तेही पैसे भरण्याआधी

एजंटाला टोकन देण्याआधी, शाळेचा फॉर्म भरण्याआधी भारतीय क्लास वन मेडिकल हातात हवं. अमेरिकेतलं मेडिकल तिथल्या डॉक्टरकडे एका दिवसात होतं आणि ते झालं म्हणजे सगळं झालं असं पालकांना वाटतं. भारतीय लायसन्ससाठी त्याचा उपयोग नाही.

क्रम असा आहे. डीजीसीएच्या यादीतल्या क्लास टू डॉक्टरकडे ई-जीसीए पोर्टलवरून अर्ज करून तपासणी करायची. यादीत कोल्हापुरातलं नाव नसेल तर पुणं गाठायचं. डॉक्टर अहवाल पाठवतात, डीजीसीए तो पाहून मान्यता देतं आणि तुमची मेडिकल फाइल तयार होते. त्या फाइलच्या नंबरावर क्लास वनची पहिली तपासणी होते. ती हवाई दलाच्या केंद्रांत, म्हणजे बंगळूरची एरोस्पेस मेडिसिन संस्था किंवा दिल्लीचं केंद्र, नाहीतर डीजीसीएने मान्यता दिलेल्या काही खासगी रुग्णालयांत. तारीख मिळायला वेळ लागतो. आपल्याकडून बंगळूर सोयीचं असलं तरी जिथे लवकरची तारीख मिळेल तिथे जावं.

सगळ्यात आधी मात्र गावातच एक काम करा. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन रंगदृष्टीची इशिहारा पुस्तिका पूर्ण वाचून घ्या. दोन-तीन पानं दाखवून "ठीक आहे" म्हणणारे डॉक्टर असतात, पण तुम्हाला सगळी पानं हवीत. रंगांधळेपणा जन्मजात असतो, औषधाने जात नाही, आणि अनेक मुलांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याचा पत्ताही नसतो. चष्मा असला तरी चालतं. चष्म्यासह प्रत्येक डोळ्याला किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसायला हवं. लेझर करून चष्मा घालवायचा विचार असेल तर शस्त्रक्रियेआधीच्या नंबराची कागदपत्रं जपून ठेवा. तपासणीत ती मागतात, आणि जखम ताजी असताना मेडिकलला जाण्यात काही अर्थ नाही.

कानाची चाचणी बंद खोलीत हेडफोन लावून होते. ५००, १००० आणि २००० हर्ट्झवर ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झवर ५० पेक्षा जास्त तूट चालत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढे रात्रभर नाचून दुसऱ्या दिवशी चाचणीला बसलेल्या मुलाचा आलेख खाली घसरलेला दिसतो. ही घसरण काही दिवसांत भरून येते, पण तोवर कागदावर शेरा पडलेला असतो. कानातला मळ आठवडाभर आधी काढून घ्या, आदल्या दिवशी नको.

रक्त आणि वजन यांवर आपल्याकडची मुलं बऱ्याचदा अडकतात. आदल्या रात्री तांबडा-पांढरा आणि मटण झालं की सकाळी ट्रायग्लिसराइड चढलेलं दिसतं. तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्यांनी आदले तीन-चार दिवस जोर लावू नये आणि प्रोटीनचे डबे बाजूला ठेवावेत, कारण मेहनतीने आणि पूरक आहाराने क्रिएटिनिन आणि यकृताचे आकडे वाढू शकतात. तालमीतल्या मुलाने नाकाचं वाकडं हाडही आधीच तपासून घ्यावं.

"तात्पुरते अनफिट" असा शेरा आला तर घाबरायचं कारण नाही. किती काळाने, कुठे आणि काय सुधारून परत यायचं ते लिहून मिळतं. बहुतेकदा वजन, चरबी किंवा कान-नाक एवढंच असतं. जुना दमा, फिट येणं, मानसोपचाराची औषधं हे मात्र लपवू नका. फॉर्मवर सही तुमची असते आणि पुढे उघड झालं तर लायसन्सच जातं.

क्लास वन बारा महिने चालतं. अमेरिकेत वर्षभर गेलं तर ते तिथेच संपतं, म्हणून परत आल्यावर नूतनीकरणाची तारीख लगेच मिळेल अशी आखणी निघतानाच करा.

दुसरी पायरी: नाव, बोर्ड आणि पेपर

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत. बायोलॉजी घेतलेल्यांना मॅथ्सची परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती देता येते. डीजीसीएच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो. त्यासाठी लागणारी गुणपत्रिकेची पडताळणी कोल्हापूरच्या विभागीय मंडळातून करून घ्यायची. सांगली आणि साताऱ्याचंही तेच मंडळ.

इथे नावाचा घोळ होतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर "पाटील अमोल शिवाजी" असतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि "अमोल शिवाजी" दुसऱ्या रकान्यात. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नावच नसतं. अमेरिकेतलं प्रवेशपत्र, व्हिसा, तिथलं लायसन्स सगळं पासपोर्टवरून जातं आणि डीजीसीएचं खातं गुणपत्रिकेवरून. दोन्हींत एका शब्दाचा फरक असला तरी शेवटच्या अर्जावर शंका काढली जाते. पासपोर्ट दुरुस्त करायला लागतात ते आठवडे आत्ता घालवा.

डीजीसीएचे पेपर निघण्याआधी इथेच द्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. परदेशी लायसन्स असलेल्यांसाठी एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-मेटिओरॉलॉजी एकत्र असलेला कॉम्पोझिट पेपर अशी सोय आहे, म्हणून अनेकजण "परत आल्यावर बघू" म्हणतात. पण परत आल्यावर दर दिवशी एक मुदत संपत असते, ती खाली सांगितली आहे. प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात आणि एखादा राहिला तर पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं. नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे चार इथेच देऊन गेलं की ती टांगती तलवार राहत नाही. शिवाय तिथला अभ्यासही हलका जातो. रेडिओची आरटीआर परीक्षाही याच काळात उरका. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने ती दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आणली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतली अर्जाची पद्धत वापरू नका.

तिसरी पायरी: शाळा निवडताना विचारायचा एक प्रश्न

अमेरिकेतल्या शाळा दोन नियमांखाली शिकवतात. पार्ट ६१ खाली कमर्शियल लायसन्सला २५० तास लागतात. पार्ट १४१ खाली मंजूर अभ्यासक्रम असतो आणि तिथे प्रायव्हेटचे ३५, इन्स्ट्रुमेंटचे ३५ आणि कमर्शियलचे १२० असे १९० तासांत लायसन्स निघतं. व्हिसासाठी परदेशी मुलं बहुतेक पार्ट १४१ च्या शाळेत जातात.

भारताला एकूण २०० तास हवेत. म्हणजे सगळं वेळेत आणि नेमकं झालं तरी तुम्ही दहा तास कमी घेऊन परत येता. शाळेला विचारा: "हे दहा तास आणि भारतासाठी लागणारे पीआयसी तास तुमच्या आराखड्यात कुठे आहेत?" उत्तर लेखी घ्या. "सगळे भारतीय विद्यार्थी असंच करतात" हे उत्तर नव्हे.

पीआयसी म्हणजे पायलट इन कमांड, विमानाची जबाबदारी तुमच्यावर असतानाचे तास. भारताला यांचे १०० हवेत, त्यातले १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्याचे, पीआयसी हवेत, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडण्याच्या परवानगीसाठी, क्रॉस कंट्री पीआयसीचा आकडा ५० आहे, म्हणून ५० चंच लक्ष्य धरा. एक सलग फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेली. रात्रीचे ५ तास पीआयसी, त्यात किमान १० टेकऑफ आणि १० लँडिंग.

अमेरिकेच्या नियमांतही याच शब्दांचे आकडे आहेत, म्हणून गाफील राहिलं जातं. तीन फरक लक्षात ठेवा.

एक, अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाही, नियंत्रण तुमच्या हातात असेल तर तो तास पीआयसीच्या रकान्यात लिहिता येतो. त्याच ओळीत "ड्युअल" चा रकानाही भरलेला असतो. भारतात इन्स्ट्रक्टरबरोबर शिकतानाचा तास ड्युअलच.

दोन, तिथे कमर्शियलसाठीची लांबची फेरी आणि रात्रीचे पाच तास एकट्याने उडवा किंवा इन्स्ट्रक्टर बसवून पीआयसीची कामं करा, दोन्ही चालतं. विम्यामुळे बऱ्याच शाळा दुसरा पर्याय घेतात. ते तास भारतासाठी पीआयसी म्हणून धरू नका.

तीन, त्या लांबच्या फेरीत लँडिंग झालं की त्यांचं समाधान होतं. चाकं टेकवून लगेच उडालात तर भारताच्या "पूर्ण थांबून" या अटीत ते बसत नाही. धावपट्टीवरून बाहेर पडा, थांबा, आणि शेऱ्याच्या रकान्यात "फुल स्टॉप" लिहा.

दोघांनी मिळून विमान घ्यायचं, एकाने बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावायचं, दुसऱ्याने सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवायचं, आणि दोघांनी तोच तास पीआयसी म्हणून लिहायचा ही तिथली स्वस्ताईची पद्धत आहे. आपले १०० मोजताना ते तास बाजूलाच ठेवा.

एक हिशेब

समजा, पार्ट १४१ पूर्ण केलेल्या मुलाच्या लॉगबुकात एकूण १९२ तास आहेत आणि पीआयसीच्या रकान्याची बेरीज १२८ येते. तो खूश आहे. आता ज्या ओळींत पीआयसी आणि ड्युअल दोन्ही भरलेत त्या पेन्सिलने खुणा करून काढल्या, तर ५० तास गेले. उरले ७८. रात्रीचे पीआयसी ६.२ होते, त्यातले ५ इन्स्ट्रक्टरबरोबरचे, उरले १.२. क्रॉस कंट्री ५४ उरलेत, ते पुरेसे आहेत. ३०० मैलांची फेरी इन्स्ट्रक्टरबरोबर होती, ती परत करायला हवी.

म्हणजे त्याला २२ तास पीआयसी हवेत. त्यातले चार रात्रीचे, राहिलेली टेकऑफ-लँडिंग भरून काढणारे, आणि एक लांबची फेरी. एकूण तास आपोआप २१४ होतात. भाडं तासाला १८० डॉलर धरलं तर ३,९६० डॉलर, म्हणजे ९० रुपयांच्या दराने साडेतीन लाखांच्या आसपास. भारतात तासाला १५,००० रुपये धरले तर ३ लाख ३० हजार. पैशात फार फरक नाही. तिथे तुमच्याकडे लायसन्स असतं, विमान भाड्याने मिळतं आणि हवा चांगली असेल तर हे तीन आठवड्यांत उरकतं. इथे तुम्ही पुन्हा फ्लाइंग स्कूलच्या रांगेतले विद्यार्थी, आणि जून लागला की पावसाने महिना महिना विमान हँगरमध्ये.

हे २२ तास मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवा. त्यामुळे गेल्या सहा महिन्यांतले १५ पीआयसी आपोआप भरतात. मात्र एम-१ या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम संपला की ३० दिवसांत निघावं लागतं आणि ते दिवस आवराआवरीचे, उडण्याचे नव्हेत. म्हणून हे तास अभ्यासक्रमाच्या मुदतीतच बसवून घ्यायला शाळेला सुरुवातीलाच सांगा. पेन्सिलची ही मोजणी दर महिन्याला करा, शेवटी एकदम नको.

पैसा

शाळेच्या माहितीपत्रकातला आकडा म्हणजे किमान तासांचा आकडा. किमान तासांत पूर्ण करणारे थोडेच असतात. एक नमुना अंदाज असा धरता येईल: पॅकेज ६५,००० डॉलर, परीक्षकांचं शुल्क चार चाचण्यांचं मिळून ४,०००, बारा महिन्यांचं राहणं-खाणं महिना १,२०० प्रमाणे १४,४००, वरचे २२ तास ४,०००, आणि जास्तीच्या तासांसाठी पॅकेजच्या दहा टक्के ६,५००. बेरीज ९३,९००, म्हणजे साधारण ८४ लाख ५० हजार रुपये. भारतात आल्यावर चाचण्या, मल्टी-इंजिनचे तास आणि बारामती किंवा अन्य ठिकाणचं राहणं यांसाठी ५ लाख बाजूला ठेवा. एअरलाइनचं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं मोठं विमान उडवण्याचं प्रशिक्षण, यात नाही. ते वेगळं, आणि लाखांतच आहे.

चाचणीसाठी परीक्षक मिळायला कित्येक आठवडे थांबावं लागतं. त्या काळात घरभाडं चालूच असतं आणि हात गंजू नये म्हणून एक-दोन उड्डाणं करावी लागतात. दहा टक्के तिथेच जातात.

पूर्ण रक्कम एकदम भरू नका. शाळा बंद पडून विद्यार्थ्यांचे आगाऊ पैसे बुडाल्याची उदाहरणं अमेरिकेत आहेत. सूट मिळते म्हणून मोह होतो, पण टप्प्याटप्प्याने भरण्याची आणि न वापरलेली रक्कम परत मिळण्याची अट करारात बघा.

पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. बाबांच्या खात्यातून पाठवलं तर तो त्यांच्या पॅनवर जमा होतो आणि त्यांनी रिटर्न भरल्यावरच समायोजित होतो. शेतीचं उत्पन्न असल्यामुळे रिटर्नच न भरणारं घर असेल तर हे आधी सीएशी बोला, नाहीतर रक्कम अडकून राहते.

शेवटची पायरी: परत येताना आणि आल्यावर

विमानात बसण्याआधी शाळेतून कागद गोळा करा: शाळेचं मान्यतापत्र, तुमच्या सगळ्या इन्स्ट्रक्टरांच्या आणि परीक्षकांच्या लायसन्सच्या प्रती, प्रशिक्षणाची सहीशिक्क्याची नोंद, विमानांच्या नोंदणी क्रमांकांची आणि प्रकारांची यादी, आणि मुख्य इन्स्ट्रक्टरने प्रमाणित केलेली लॉगबुकातल्या तासांची बेरीज. इन्स्ट्रक्टर सहा महिन्यांत एअरलाइनमध्ये निघून जातात, मग सही कुणाची आणणार? पासपोर्टवरची ये-जा आणि लॉगबुकातल्या तारखा जुळायला हव्यात. घरी येऊन गेलेल्या आठवड्यात उड्डाण लिहिलेलं सापडलं तर सगळ्याच नोंदींवर संशय येतो.

चाचणी पास झाल्यावर एफएए कागदी तात्पुरतं लायसन्स देतं, ते १२० दिवस चालतं. प्लास्टिकचं कार्ड टपालाने येतं. नोंदवलेला पत्ता अमेरिकेबाहेरचा असेल तर तिथला एक एजंट नेमून एफएएच्या संकेतस्थळावर नोंदवावा लागतो, हा २०२५ पासूनचा नियम आहे. रूममेटचा पत्ता देऊन मोकळे झालात आणि तो घर बदलून गेला, की कार्ड परत जातं.

भारतात आल्यावर ई-जीसीएवर लायसन्स बदलण्याचा अर्ज. डीजीसीए एफएएकडून तुमच्या लायसन्सची खातरजमा मागवतं, ते उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून ती विनंती पहिल्याच आठवड्यात जायला हवी. क्लास वनचं नूतनीकरण आणि इंग्रजी प्रावीण्याची चाचणी त्याच काळात उरका. अमेरिकन लायसन्सवर नुसतं इंग्रजी येतं असं लिहिलेलं असतं, इथे किमान पातळी चार असा दाखला लागतो. मग भारतातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये दिवसाची, रात्रीची आणि इन्स्ट्रुमेंटची चाचणी. या चाचण्याही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतल्या हव्यात.

पेपर राहिलेला मुलगा इथेच अडकतो. पेपरसाठी तीन महिने थांबला, तोवर १५ तासांची आणि चाचण्यांची मुदत सरकली, की पुन्हा विमानाचं भाडं भरून तेच तास उडवायचे. पेपर आधीच दिले असतील, तर परतीचं तिकीट सप्टेंबरच्या अखेरीचं काढा. पाऊस ओसरलेला असतो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत सलग उडता येतं. फ्लाइंग स्कूलमधली जागा मात्र अमेरिकेत असतानाच, निघण्याच्या दोन महिने आधी ईमेलने पक्की करा, आणि मल्टी-इंजिन विमान त्या महिन्यात देखभालीला जाणार नाही ना, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.